घरात विंडोज, मॅक आणि लिनक्स, डिस्क मात्र एकच: फाइल सिस्टीम कोणती निवडावी? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

फाइल सिस्टीम म्हणजे डिस्कवर फाइल्स कुठे आणि कशा ठेवायच्या याची पद्धत. इथली उत्तरं एका ठरावीक घराला धरून दिली आहेत. वडिलांचा विंडोज ११ चा लॅपटॉप, ताईचं मॅकबुक, धाकट्याने लिनक्स मिंट टाकलेला जुना डेस्कटॉप आणि हॉलमधला टीव्ही. या चौघांत फिरणारी २ टीबीची पोर्टेबल हार्डडिस्क एकच आहे. तिच्यावर घरचे फोटो आहेत, लग्नाचे व्हिडिओ आहेत आणि स्कॅन केलेली कागदपत्रं आहेत. तुमच्या घरात यातलं एखादं यंत्र नसेल तर निवड आणखी सोपी होईल.

आधी थोडक्यात सांगा, कोणती निवडू?

दुकानदाराला किंवा इंटरनेटला विचारण्याआधी घरात एक प्रश्न विचारा: या डिस्कवर लिहिणार कोण आणि नुसतं वाचणार कोण? निवड बहुतेक वेळा या एका उत्तरावर ठरते.

विंडोज आणि मॅक दोघंही लिहिणार असतील तर एक्सफॅट घ्या. फॉरमॅटच्या यादीत ती `exFAT` अशी दिसते. विंडोज आणि लिनक्स लिहिणार असतील आणि मॅक नुसतं वाचणार असेल, तर एनटीएफएस जास्त भक्कम आहे. डिस्क लिनक्सच्या एकाच यंत्राला कायमची लावून ठेवायची असेल तर ईएक्सटी४ वापरा आणि ती डिस्क घरभर फिरवू नका. वर सांगितलेल्या घरात ताई व्हिडिओ एडिट करून त्याच डिस्कवर ठेवते, म्हणजे मॅकही लिहितंय. तिथे एक्सफॅटच येणार. मात्र एक्सफॅटसोबत काही सवयी पाळाव्या लागतात, आणि त्या न पाळल्यामुळेच बहुतेकांचा डेटा जातो.

नवी डिस्क आणली, तिच्यावर एनटीएफएस आहे. मॅकवर फोटो दिसतात, पण नवीन फाइल टाकता येत नाही. डिस्क खराब निघाली का?

डिस्क ठीक आहे. मॅक एनटीएफएस फक्त वाचतं. फाइंडरमध्ये फाइल ओढून नेली की ती डिस्कवर उतरत नाही आणि 'नवीन फोल्डर' हा पर्याय फिका दिसतो. डिस्क निवडून `Get Info` उघडलं की खाली "You can only read" लिहिलेलं असतं. हे दिसलं की कारण नक्की कळलं.

मॅकला एनटीएफएसवर लिहू देणारे ड्रायव्हर पैसे देऊन मिळतात. पॅरागॉन आणि टक्सेरा ही त्यातली जुनी नावं. घरात मॅक एकच असेल आणि डिस्क आधीच भरलेली असेल तर तो खर्च समजण्यासारखा आहे. पण डिस्क नवी आणि रिकामी असताना ड्रायव्हर विकत घेण्यात अर्थ नाही, सरळ फॉरमॅट बदला.

फॅट३२ सगळीकडे चालते म्हणतात. मग तीच का नको?

फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. लग्नाचा तासाभराचा व्हिडिओ याहून सहज मोठा असतो. डिस्कवर १,५०० जीबी मोकळी असली तरी विंडोज "The file is too large for the destination file system" असं सांगून थांबतं. डिस्क भरली असं वाटून लोक जुने फोटो पुसायला लागतात. जागेचा इथे संबंधच नसतो, अडचण त्या एका फाइलच्या आकाराची असते.

कारमधली म्युझिक सिस्टीम, जुना प्रिंटर किंवा जुना टीव्ही यांच्यासाठी छोटा पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये ठेवा. २ टीबीच्या डिस्कवर ती नको.

एक्सफॅटमध्ये मग धोका नेमका कुठे आहे?

एक्सफॅटला जर्नल नाही. जर्नल म्हणजे काय ते थोडं समजून घेऊ, कारण पुढची बरीच उत्तरं त्यावर उभी आहेत.

एक फाइल डिस्कवर लिहिली जाते तेव्हा मजकुराबरोबर आणखी दोन नोंदी बदलतात. फोल्डरमध्ये फाइलचं नाव आणि तिची सुरुवात कुठे आहे हे लिहिलं जातं, आणि डिस्कवरचे कोणते तुकडे आता भरले याचा नकाशा बदलतो. या दोन नोंदींच्या मधल्या क्षणी कोणी केबल ओढली किंवा वीज गेली, तर एक नोंद नवी आणि एक जुनी राहते. एनटीएफएस, ईएक्सटी४ आणि मॅकची जुनी एचएफएस प्लस या सिस्टीम आपण काय बदलणार आहोत ते आधी एका वेगळ्या वहीत टिपतात आणि मग बदल करतात. पुढच्या वेळी डिस्क जोडली की ती वही वाचून अर्धवट काम पुरं करतात किंवा मागे घेतात. यासाठी काही सेकंद पुरतात.

एक्सफॅटकडे ही वही नाही. तिच्याकडे फक्त एक खूण असते: 'डिस्क नीट बंद झाली नाही'. काय बिघडलं हे कळायला सगळी डिस्क तपासावी लागते. नकाशात 'भरलेला' असलेला तुकडा कुठल्याच फाइलचा नाही असं निघालं तर नुसती जागा वाया जाते. उलटं झालं, म्हणजे फाइलचा तुकडा नकाशात 'मोकळा' दिसला, तर पुढची कॉपी त्याच जागी लिहिली जाते आणि जुना फोटो अर्धा करडा दिसायला लागतो. हे नुकसान केबल ओढली त्या दिवशी दिसत नाही. काही महिन्यांनी तो फोटो उघडल्यावर दिसतं.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. जर्नल असलं तरी केबल ओढली त्या वेळी कॉपी होत असलेली फाइल वाचेलच असं नाही. एनटीएफएसचं जर्नल सिस्टीमच्या नोंदी जपतं, मजकूर जपत नाही. फायदा एवढाच की एका फाइलच्या अपघातात शेजारच्या फाइल्स ओढल्या जात नाहीत.

कॉपी पूर्ण झाली असं दाखवलं, तरी इजेक्ट करायलाच हवं का?

हो, आणि लिनक्सवर तर नक्कीच. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कसाठी 'क्विक रिमूव्हल' हे धोरण आपोआप लागू असतं, त्यामुळे विंडोज लिहिणं फारसं तुंबवून ठेवत नाही. लिनक्स मात्र मोकळ्या रॅममध्ये मजकूर घेतं आणि मागाहून सावकाश डिस्कवर उतरवतं. १० जीबीची फाइल हार्डडिस्कवर अर्ध्या मिनिटात गेली असं दिसलं तर समजा की तिचा काही भाग अजून रॅममध्येच आहे. टर्मिनलमध्ये हे डोळ्यांनी पाहता येतं:

```
grep -e Dirty: -e Writeback: /proc/meminfo
```

`Dirty` समोरचा आकडा लाखांत असेल तर एवढे केबी डिस्कवर जायचे बाकी आहेत. `sync` लिहून एंटर मारा. प्रॉम्प्ट परत आला की लिहिणं झालं. एरवी फाइल मॅनेजरमधलं इजेक्टचं बटण हेच काम करतं, फक्त 'आता काढू शकता' असा निरोप येईपर्यंत थांबा.

मॅकला एक्सफॅट डिस्क जोडली, दिवा लुकलुकतोय, पण डेस्कटॉपवर काहीच येत नाही. डिस्क मेली का?

बहुतेक वेळा नाही. ती आधी कुठेतरी इजेक्ट न करता काढलेली असते. मॅकने ती 'नीट बंद झाली नाही' ही खूण पाहिली आणि पडद्याआड तपासणी सुरू केली. त्या काळात डिस्क युटिलिटीत नाव दिसतं, पण ते फिकं असतं आणि माउंट होत नाही. खात्री करायची असेल तर:

```
ps aux | grep fsck_exfat
```

यादीत `/dev/disk4s1` सारख्या नावासकट `fsck_exfat` दिसलं की तपासणी चालू आहे हे नक्की. लाखभर फाइल्स असलेल्या हार्डडिस्कला यात बराच वेळ लागू शकतो. ती पुरी होऊ द्या. घाबरून पुन्हा केबल काढली तर तपासणी पहिल्यापासून सुरू होते.

हीच खूण लिनक्सवर `dmesg` मध्ये दिसते: "Volume was not properly unmounted. Some data may be corrupt. Please run fsck." विंडोजवर 'डिस्क स्कॅन करून दुरुस्त करा' असा निरोप येतो. आमचं मत असं की घरात विंडोज असेल तर एक्सफॅटची दुरुस्ती तिथेच करावी. डिस्कला `E:` हे अक्षर मिळालं असेल तर अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि हे चालवा:

```
chkdsk E: /f
```

दुरुस्तीनंतर `FOUND.000` नावाचं फोल्डर आणि आत `FILE0000.CHK` अशा फाइल्स आल्या, तर ते नाव हरवलेले तुकडे आहेत. ते लगेच पुसू नका. त्यातला एखादा मोठा तुकडा `.jpg` किंवा `.mp4` असं नाव बदलून उघडून पाहा, कधीकधी फाइल जशीच्या तशी निघते. मात्र डिस्क टकटक आवाज करत असेल किंवा जोडल्यावर पुन्हा पुन्हा नाहीशी होत असेल, तर दुरुस्ती चालवू नका. तो फाइल सिस्टीमचा बिघाड नाही, डिस्कचा आहे, आणि तपासणीने तिच्यावर ताणच पडेल.

एनटीएफएस डिस्क लिनक्सवर कालपर्यंत लिहू देत होती, आज फक्त वाचू देते. काय झालं?

विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' पाहा. ते चालू असताना 'शट डाउन' केलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही. ते आपली बरीचशी स्थिती डिस्कवर साठवून झोपतं, आणि त्या वेळी जोडलेल्या डिस्काही त्याच्या हिशेबात उघड्याच राहतात. वडिलांनी लॅपटॉप शट डाउन करून मग केबल काढली, तर लिनक्सच्या दृष्टीने ती डिस्क अजून विंडोजच्या ताब्यात आहे. म्हणून लिनक्स ती फक्त वाचण्यापुरती उघडतं, किंवा नव्या ड्रायव्हरने उघडायलाच नकार देतं. हा नकार त्रासदायक वाटला तरी योग्य आहे. जबरदस्तीने उघडण्याचे पर्याय इंटरनेटवर सापडतात, त्यांच्या नादी लागू नका.

डिस्क पुन्हा विंडोजला जोडा आणि विंडोज चालू असतानाच इजेक्ट करा. कायमचा उपाय हवा असेल तर अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये `powercfg /h off` चालवा. यात फास्ट स्टार्टअपबरोबर हायबरनेशनही बंद होतं, तेव्हा लॅपटॉपवर हायबरनेट वापरत असाल तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून फक्त फास्ट स्टार्टअप काढा.

एनटीएफएसची एक्सफॅट करायची आहे. डेटा न पुसता होईल का?

नाही. विंडोजची `convert` कमांड फॅटवरून एनटीएफएसकडे नेते, उलट दिशेने नाही. डेटा दुसरीकडे ठेवून, फॉरमॅट मारून, परत आणावा लागतो.

आपल्या घराचा हिशेब करू. डिस्कवर १.१ टीबी डेटा आहे. यूएसबी ३ वरच्या पोर्टेबल हार्डडिस्कचा वेग मोठ्या फाइल्सना सेकंदाला साधारण १०० एमबी धरला, तर एका फेरीला ११,००० सेकंद, म्हणजे तीन तासांच्या आसपास लागतील. जाऊन येऊन सहा तास. छोट्या फाइल्स भरपूर असतील तर आणखी जास्त. रविवार सकाळी सुरू करा, आणि लॅपटॉप चार्जरवर ठेवून त्याचं झोपणं बंद करा.

कॉपी झाल्यावर मूळ डिस्कला लगेच हात लावू नका. दोन्हीकडच्या फोल्डरांचे 'प्रॉपर्टीज' उघडून फाइल्सची संख्या आणि `Size` चा बाइटमधला आकडा जुळवा. खालचा `Size on disk` जुळणार नाही, त्याचं कारण पुढच्या उत्तरात आहे. मग फोटोंचं एखादं जुनं फोल्डर उघडून पाहा, एखादा व्हिडिओ मधूनच चालवून पाहा, आणि त्यानंतरच फॉरमॅट मारा.

फॉरमॅट विंडोजवर करा. मॅकवर केलं तरी चालतं, पण तिथे 'शो ऑल डिव्हायसेस' चालू करून सर्वांत वरचं डिस्कचं नाव निवडावं लागतं, नाहीतर जुनी विभागणी तशीच राहते. आणखी एक: लिनक्सवर विभाग नव्याने पाडला तर त्याचा प्रकार 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डेटा' ठेवा. तो लिनक्सचा राहिला तर आत एक्सफॅट असूनही विंडोज त्याला अक्षर देत नाही.

फॉरमॅट करताना 'अ‍ॅलोकेशन युनिट साइज' विचारतं. तिथे काय निवडू?

हा पर्याय बहुतेक जण न वाचता पुढे जातात, आणि छोट्या फाइल्स असलेल्या घरांना तो महागात पडतो. फाइल सिस्टीम जागा ठरावीक आकाराच्या तुकड्यांत देते. फाइल छोटी असली तरी तिला सहसा एक पूर्ण तुकडा लागतो. एनटीएफएसवर हा तुकडा सहसा ४ केबीचा असतो. मोठ्या डिस्कवर एक्सफॅट आपोआप १२८ केबी किंवा त्याहून मोठा तुकडा घेते.

समजा डिस्कवर ४ केबीपेक्षा छोट्या एक लाख फाइल्स आहेत. वेबपेजचे जतन केलेले तुकडे, प्रोग्रामिंगचे प्रकल्प, ईमेलचा साठा यांतून एवढा आकडा सहज होतो. ४ केबीच्या तुकड्यांत त्या ०.४ जीबी घेतील. १२८ केबीच्या तुकड्यांत त्याच फाइल्सना १२ जीबीहून जास्त जागा लागेल. डेटा तेवढाच, फुगली ती जागा.

व्हिडिओ आणि फोटोच असतील तर काही बदलू नका. एक फोटो ४ एमबीचा असला तर शेवटचा अर्धा तुकडा वाया जाण्याने काही बिघडत नाही. कागदपत्रंही भरपूर असतील तर ३२ केबी चांगला मध्य आहे:

```
format E: /FS:exFAT /A:32K /V:GHAR /Q
```

एंटर मारण्याआधी `E:` हेच आपल्या डिस्कचं अक्षर आहे ना, ते 'धिस पीसी' मध्ये पाहून घ्या. नंतर तुकड्याचा आकार बदलायचा तर पुन्हा सगळं पुसावं लागतं.

विंडोज म्हणतं 'डिस्क फॉरमॅट करा', मॅक म्हणतं 'इनिशियलाइझ करा'. करू का?

नका करू. हा संवाद दिसला की आधी 'कॅन्सल' किंवा 'इग्नोर' दाबा. 'मला ही फाइल सिस्टीम वाचता येत नाही' एवढाच त्याचा अर्थ असतो. मॅकची एपीएफएस किंवा लिनक्सची ईएक्सटी४ डिस्क विंडोजला जोडली की ती चांगली असूनही हाच निरोप येतो. डिस्क ज्या यंत्रावर शेवटची चालली होती तिथे नेऊन पाहा.

घरातल्या ज्येष्ठांना आणि मुलांना हे एक वाक्य सांगून ठेवाच. पडद्यावर जे बटण उठून दिसतं, ते दाबणं स्वाभाविक आहे.

टीव्हीबाबतही जपा. कार्यक्रम रेकॉर्ड करण्याची सोय असलेले टीव्ही डिस्क जोडल्यावर ती त्या कामासाठी तयार करू का असं विचारतात. हो म्हटलं की डिस्क पुसली जाते आणि पुढे त्याच टीव्हीपुरती राहते. रेकॉर्डिंगला वेगळा, रिकामा ड्राइव्ह द्या. टीव्ही एक्सफॅट वाचतो का, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत यूएसबीच्या पानावर दिलेलं असतं. वाचत नसेल तर एका टीव्हीसाठी सगळ्या घराची डिस्क बदलू नका, पाहायचा सिनेमा पेनड्राइव्हवर द्या.

त्याच डिस्कवर मॅकचा टाइम मशीन बॅकअप ठेवू का?

टाइम मशीनला एक्सफॅट चालत नाही, त्याला मॅकचीच फाइल सिस्टीम लागते. म्हणजे डिस्कचे दोन भाग करावे लागतील, आणि मग वडिलांनी लॅपटॉपला लावली की दर वेळी मॅकच्या भागासाठी तोच 'फॉरमॅट करा' संवाद उघडणार. कधीतरी कोणीतरी तो दाबेल. बॅकअपची डिस्क वेगळी घ्या आणि ती ताईच्या टेबलावरच राहू द्या.

मॅकवरून आल्यावर डिस्कवर `._` ने सुरू होणाऱ्या फाइल्स दिसतात. व्हायरस आहे का?

नाही. फाइलबरोबर मॅक काही जास्तीची माहिती ठेवतं. ती माहिती ठेवायला एक्सफॅटमध्ये जागा नसल्याने शेजारी छोटी फाइल तयार होते. टीव्हीवर त्या 'न चालणारे व्हिडिओ' म्हणून यादीत येतात. मॅकवर हे चालवलं की जातात:

```
dot_clean -m /Volumes/GHAR
```

लिनक्सवरचे प्रोग्रामिंगचे प्रकल्प एक्सफॅटवर ठेवता येतील का?

थेट ठेवू नका. एक्सफॅटमध्ये फाइलचा मालक, परवानग्या आणि सिम्बॉलिक लिंक यांना जागाच नाही. `chmod +x` चा परिणाम होत नाही आणि लिंक कॉपी होताना अडतात. सगळ्या फोल्डरची एक `tar` फाइल करून ती ठेवा, आतलं सगळं जसंच्या तसं राहतं आणि एक लाख छोट्या फाइल्सची एक मोठी फाइल झाल्याने वर सांगितलेली जागाही वाचते.

मराठी नावांच्या फाइल्स नीट राहतात का?

एक्सफॅट, एनटीएफएस आणि ईएक्सटी४ तिन्हींवर देवनागरी नावं नीट राहतात. अडचण लांबीची येते. एक्सफॅट आणि एनटीएफएसवर नाव २५५ अक्षरचिन्हांपर्यंत चालतं. ईएक्सटी४ मात्र २५५ बाइट मोजते, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिथे ३ बाइट घेतं. म्हणजे ८५ चिन्हं झाली की संपलं. मात्रा, अनुस्वार, पाय मोडायची खूण ही सगळी वेगळी मोजली जातात, त्यामुळे 'क्ष' एकटाच तीन चिन्हं खातो. एक्सफॅटवर नीट असलेली 'सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त आणि लेखापरीक्षकांचा अहवाल आणि सदनिकाधारकांची यादी' अशा थाटाची फाइल लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये कॉपी करताना "File name too long" येतं ते म्हणूनच. डिस्कवरच नाव आखूड करा आणि मग कॉपी करा.

उलट दिशेने अपूर्णविराम अडतो. लिनक्सवर 'पावती: मार्च' असं नाव चालतं, पण एक्सफॅटवर नेताना `:` मुळे "Invalid argument" येतं. प्रश्नचिन्ह, उभी रेघ आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांचंही तसंच. अपूर्णविरामाच्या जागी आडवी रेघ वापरली की तिन्ही यंत्रांवर तेच नाव चालतं.